‘तुमचा लोगो वापरू का?’

२००३ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरी, डेरॉन बील यांनी ‘फ्रीसायकल’ नावाचा उपक्रम सुरू केला. घरातली नकोशी पण धडधाकट वस्तू फेकून न देता ज्याला हवी त्याला फुकट द्यायची, एवढीच कल्पना. ती भराभर पसरली आणि गावोगावी स्थानिक गट उभे राहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल इथे असाच एक गट निघाला. दोनच दिवसांत तिथल्या संस्थापिकेने मूळ संस्थेकडे लोगोबद्दल विचारणा केली. बील यांचे ईमेलने उत्तर आले ते अगदी मोकळेढाकळे: आमच्या संकेतस्थळावरून लोगो घ्या, फक्त व्यापारी कामाला वापरू नका, हवे तर आमच्यातलेच कोणीतरी तुम्हाला स्वतःचा झकपक लोगो करून देईल. करार नाही, मुदत नाही, नमुना पाहण्याची अट नाही.

दोन वर्षांनी संबंध बिघडले. २००५ च्या नोव्हेंबरात मूळ संस्थेने सनीव्हेलच्या गटाला नाव आणि लोगो वापरणे बंद करायला सांगितले. गटाने मुकाट्याने ऐकण्याऐवजी २००६ च्या जानेवारीत न्यायालयाचे दार ठोठावले, आणि २०१० मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला तो मूळ संस्थेच्या विरोधात. लोगो देताना त्याखाली चालणाऱ्या कामाचा दर्जा तपासण्याचा हक्क संस्थेने कोणत्याही कराराने राखला नव्हता. प्रत्यक्षात दर्जा कधी तपासलाही नव्हता. स्थानिक गट आपणहून दर्जा राखतीलच, असे मानावे इतका दोघांमधला संबंधही घट्ट नव्हता. ‘व्यापारी वापर नको’ ही अट होती खरी, पण ती दर्जाबद्दल काहीच सांगत नव्हती. म्हणून, न्यायालयाच्या मते, संस्थेने आपले व्यापारचिन्ह स्वतःच सोडून दिले होते.

ही गोष्ट परोपकारी संस्थेची आहे म्हणून हळहळ वाटते. पण कंपन्यांच्या कचेऱ्यांत रोज असेच ईमेल जात-येत असतात. वितरक विचारतो, सॉफ्टवेअर बसवून देणारा सल्लागार विचारतो, कार्यक्रमाचा सहआयोजक विचारतो: ‘साहेब, तुमचा लोगो टाकू का?’ साहेब बैठकीत असतात. ‘टाका की’ एवढे उत्तर जाते आणि सोबत व्हॉट्सॲपवर एक चित्र.

या प्रश्नाला तीन उत्तरे असतात. स्पष्ट नकार, अटींसह होकार आणि सैल होकार. पहिल्या दोहोंनी कंपनीचे सहसा बिघडत नाही. नुकसान होते ते तिसऱ्याने. आणि गंमत अशी, की तिघांमध्ये तोच सर्वांत सौजन्याचा वाटतो. नकाराने माणूस दुखावेल आणि अटी घातल्या तर आपण कोत्या मनाचे ठरू, या भीतीपोटी तो दिला जातो. मग जे बोलायला दहा मिनिटे लागली असती, त्यासाठी पुढे वकिलाची नोटीस काढावी लागते.

भारतीय कायद्याची भूमिका या बाबतीत बरीच स्वच्छ आहे. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात ‘अनुमत वापर’ अशी संज्ञा आहे. चिन्हाच्या मालकाने लेखी कराराने संमती दिली असेल आणि वापरणारा त्या करारातल्या अटी पाळत असेल, तर त्याचा वापर हा मालकाचाच वापर धरला जातो. कलम ४८ मध्ये ते सांगितलेले आहे. याचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. सलग पाच वर्षांहून अधिक काळ न वापरलेले चिन्ह नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी कोणी केली, तर भागीदाराने केलेला वापर मालकाच्या खात्यावर जमा होतो. पण त्यासाठी दोन गोष्टी हव्यात: लेख आणि अटी. फोनवरचा होकार दोन्हींत बसत नाही. परवानाधारकाची निबंधकाकडे वेगळी नोंदणी करण्याची सोयही कायद्यात आहे, मात्र ती सक्तीची नाही. आणि नोंदणी न केलेल्या परवानाधारकाला नकली माल विकणाऱ्यावर स्वतःच्या नावाने दावा लावता येत नाही. त्यामुळे ‘नक्कल दिसली तर आम्हाला ताबडतोब कळवा’ हे वाक्य परवानगीच्या पत्रात असावेच लागते.

या कायद्याआधीच सर्वोच्च न्यायालयाने या विषयाची चौकट आखून दिली होती, तीही थंड पेयांच्या एका भांडणात. १९९३ मध्ये कोका-कोलाने पार्लेकडून गोल्ड स्पॉट, थम्स अप, लिम्का ही चिन्हे घेतली. गुजरात बॉटलिंग ही कंपनी ती पेये बाटल्यांत भरायची. पुढे तिचे शेअर्स पेप्सीच्या बाजूला गेले आणि ज्याच्या हाती आपली चिन्हे आहेत तोच प्रतिस्पर्ध्याच्या गोटात, असा पेच उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयातून सुरू झालेले प्रकरण १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढले. चिन्हाचा परवाना दुसऱ्याला देता येतो, असे न्यायालयाने म्हटले, पण तीन पथ्ये सांभाळून: लोकांची फसगत किंवा गोंधळ होता कामा नये, चिन्हाचे वेगळेपण नष्ट होता कामा नये आणि त्या मालाशी मालकाचा व्यापारी संबंध टिकून राहिला पाहिजे. लोगोच्या परवानगीचे पत्र लिहायला बसलेल्या माणसाने ही तीन पथ्ये कागदावर सर्वांत वर लिहावीत. पुढच्या सगळ्या अटी त्यांतूनच निघतात.

होकार-नकाराच्या आधी आणखी एक पाहावे लागते. मागणाऱ्याला खरेच लोगो हवा आहे की फक्त नाव? आपण कोणाचा माल विकतो किंवा दुरुस्त करतो हे साध्या अक्षरांत खरे खरे सांगायला परवानगी लागत नाही. कायद्याच्या कलम ३० मध्ये प्रामाणिक व्यवहाराला धरून केलेल्या अशा उल्लेखाला मोकळीक आहे. सुटा भाग अमुक यंत्राला बसतो हे सांगणे वाजवी कारणाने गरजेचे असेल, तर तेही चालते. पण ही मोकळीक कुठे संपते, हे हॉकिन्सच्या प्रकरणातून दिसते. मुरुगन एंटरप्रायझेस ही संस्था प्रेशर कुकरच्या गास्केट म्हणजे झाकणाच्या रबरी रिंगा स्वतःच्या ‘मयूर’ या नावाने विकत होती. पाकिटावर ‘हॉकिन्स प्रेशर कुकरसाठी योग्य’ अशा अर्थाचा मजकूर होता. बाकी शब्द काळे, पण ‘हॉकिन्स’ मात्र लाल रंगात, डोळ्यांत भरेल असा. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशाने कंपनीचा दावा फेटाळला होता. २०१२ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला. रिंग कोणत्याही कुकरला चालणारी असताना एकाच कंपनीचे नाव घेण्याची गरज काय आणि तेच इतके ठळक का, हा न्यायालयाचा रोख होता.

रंग आणि आकार यांनी काय फरक पडतो, ते इथे कळते. काळ्या अक्षरांतले नाव माहिती देते. लाल, मोठे नाव आपुलकीचा दावा करते, आणि लोगो तर तो दावा एका नजरेत करतो. शहाणी कंपनी म्हणून पुष्कळ मागण्यांना ‘लोगो नको, नाव साध्या अक्षरांत लिहा, त्यासाठी आमची परवानगीही लागत नाही’ असे उत्तर देते. मागणाऱ्यांपैकी अनेकांचे काम त्यावर भागते. उरतात ते खरे अर्जदार.

अशा एका अर्जाचा हिशेब मांडून पाहू. समजा, पुण्याजवळ बोअरवेलचे सबमर्सिबल पंप बनवणारी एक कंपनी आहे. सोलापूर जिल्ह्यातला एक विक्रेता दोन वर्षे तिचे पंप विकतो आहे. त्याच दुकानात तो दुसऱ्या कंपन्यांचे पाइप आणि स्टार्टरही विकतो आणि मागच्या शेडमध्ये जळालेल्या मोटारी रिवाइंडिंग करून देतो. त्याने लोगो मागितला आहे पाच ठिकाणांसाठी: दुकानाची पाटी, बिलबुक आणि व्हिजिटिंग कार्ड, फेसबुक पान, दुरुस्तीच्या शेडवरचा फ्लेक्स आणि जिल्हा परिषदेच्या निविदेसोबत जोडायचे लेटरहेड. अर्ज एकच असला तरी मागण्या पाच आहेत, आणि उत्तरही पाच वेगळी द्यायला हवीत. ‘लोगो वापरायला हरकत नाही’ हे वाक्य धोक्याचे आहे ते यामुळेच, की ते पाचही ठिकाणांना एका फटक्यात होकार देते.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारायचा: वाटेने जाणाऱ्या शेतकऱ्याला हे पाहून काय वाटेल? पाटीवर लोगो दिसला तर त्याला वाटेल, इथे या कंपनीचे पंप मिळतात. ते खरे आहे, म्हणून होकार. पण पाटीवर दुकानाचे नाव मोठे हवे आणि लोगो त्याहून स्पष्टपणे लहान. पाटीच्या एक चतुर्थांशाहून जास्त जागा त्याने व्यापू नये असे ठरवले, तर वाद राहत नाही. लोगोलगत ‘पंपांचे अधिकृत विक्रेते’ हे शब्द यायला हवेत, कारण लोगो एकटा उभा राहिला की दुकान कंपनीचेच आहे असे वाटू लागते. दुसऱ्या कंपन्यांचे लोगो त्याला चिकटून नकोत. पाइपच्या गठ्ठ्यावर आपला लोगो दिसला, तर पाइप फुटल्याची तक्रार पुण्याला येईल.

बिल आणि व्हिजिटिंग कार्ड हे जरा नाजूक प्रकरण आहे. पाटीवरचा लोगो जाहिरात असतो; बिलावरचा लोगो मात्र ग्राहक जपून ठेवतो आणि वॉरंटीच्या वेळी पुढे करतो. पाइपच्या बिलावरही तोच लोगो असेल, तर कंपनीला पाइपशी आपला संबंध नसल्याचे समजावत बसावे लागेल. म्हणून कार्डावर होकार आणि बिलबुकावर नकार. बिलात मालाच्या ओळीत कंपनीचे नाव आणि मॉडेल क्रमांक साध्या अक्षरांत लिहिले की पुरे.

फेसबुक पानावर पंपांच्या जाहिरातीत लोगो चालेल, पण पानाचे नाव आणि गोल चित्र विक्रेत्याचे स्वतःचेच हवे. कंपनीचे नाव असलेले पान, संकेतस्थळाचा पत्ता किंवा फर्मचे नाव त्याने नोंदवू नये, ही अट पत्रात ठळक हवी. पाटी उतरवता येते. दुसऱ्याच्या नावावर नोंदलेला पत्ता परत मिळवायला कायद्याची वाट धरावी लागते.

दुरुस्तीच्या शेडला सध्या नकार. कंपनीने तिथल्या कारागिरांना शिकवलेले नाही, मूळ तांब्याची तार आणि बेअरिंग वापरले जाते की नाही याची तिला माहिती नाही. लोगो लावला तर शेतकऱ्याला वाटेल की कंपनीच्या हातची दुरुस्ती आहे. फ्रीसायकलला भोवली ती नेमकी हीच चूक: ज्या कामाचा दर्जा आपण पाहत नाही, त्या कामावर आपले चिन्ह. मात्र या नकारात दार बंद करण्याचे कारण नाही. कारागिराने कंपनीचे प्रशिक्षण घेतले, सुटे भाग कंपनीकडून घेतले आणि दुरुस्तीची नोंदवही ठेवली, तर सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा, असे लिहिता येते. अशा नकारावर विक्रेता सहसा नाराज होत नाही. त्याला काय करायचे ते कळलेले असते.

निविदेच्या लेटरहेडला मात्र साफ नकार. तिथे लोगो दिसला की निविदा उघडणाऱ्या अधिकाऱ्याला पुरवठ्याची हमी उत्पादक कंपनीच घेते आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. विक्रेत्याची गरज खरी असली, तरी तिचा मार्ग वेगळा आहे. त्या एका निविदेपुरते, निविदा क्रमांक आणि तारीख घालून, कंपनीने आपल्या लेटरहेडवर उत्पादकाचे अधिकारपत्र द्यायचे. त्यात किती पंप, कोणते मॉडेल आणि हमी कोणाची हे लिहिलेले असते. जिथे जबाबदारीचा प्रश्न आहे, तिथे लोगोऐवजी सही हवी.

आता पत्र. चार पानांचा इंग्रजी करार पाठवला तर विक्रेता तो न वाचता सही करतो आणि कपाटात ठेवतो. मग त्याचा उपयोग फक्त भांडणाच्या वेळी. एका पानाचे, मराठीत लिहिलेले पत्र दुकानाच्या भिंतीवर लागू शकते. त्यातला गाभा साधारण असा असावा:

‘आपल्या दुकानाची दर्शनी पाटी, व्हिजिटिंग कार्ड आणि पंपांच्या फेसबुक जाहिराती या तीन ठिकाणी आमचा लोगो वापरण्यास, तो फक्त आमच्या पंपांच्या विक्रीसाठी, ३१ मार्चपर्यंत संमती देत आहोत. लोगो सोबतच्या फाइलमधूनच घ्यावा; रंग, प्रमाण आणि अक्षरे बदलू नयेत. लोगोशेजारी “पंपांचे अधिकृत विक्रेते” हे शब्द असावेत. छपाईपूर्वी नमुना आमच्याकडे पाठवावा. आम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत उत्तर देऊ. ही संमती दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. आमच्या नावाचे पान, संकेतस्थळाचा पत्ता किंवा फर्मचे नाव नोंदवू नये. नक्कल दिसली तर आम्हाला ताबडतोब कळवावे. लोगोवरील सर्व हक्क आणि त्याच्या वापरातून निर्माण होणारी पत आमचीच राहील. विक्रीचा करार संपला किंवा आम्ही लेखी कळवले, की पंधरा दिवसांत लोगो सर्व ठिकाणांहून काढावा.’

यातली ‘तीन कामकाजाच्या दिवसांत’ ही अट कंपनीने स्वतःवर घालून घेतली आहे, आणि ती घातली नाही तर बाकीच्या अटी कोसळतात. नमुना पाठवून विक्रेता आठवडाभर वाट पाहतो, पोळ्याची किंवा दिवाळीची गर्दी तोंडावर येते आणि तो छापून मोकळा होतो. चूक त्याची म्हणायची की कंपनीची? मंजुरीला उशीर करणाऱ्या कंपनीला पुढे तक्रारीचा नैतिक हक्क फारसा राहत नाही.

फाइलचेही तसेच. फ्लेक्सवाला सीडीआर किंवा पीडीएफ फाइल मागतो. ती मिळाली नाही तर तो व्हॉट्सॲपवरचे धूसर चित्र उचलतो, त्यावरून कडा गिरवून काढतो, निळ्याचा जांभळा करतो आणि पाटीच्या लांबीला जुळावा म्हणून लोगो आडवा ताणतो. आडव्या ताणलेल्या गोल लोगोंची प्रदर्शने महाराष्ट्राच्या हमरस्त्यांवर विनामूल्य पाहायला मिळतात. यात विक्रेत्याचा खोडसाळपणा क्वचितच असतो. बहुतेक वेळा त्याला योग्य फाइल कोणी दिलेलीच नसते. पत्रासोबत छपाईची फाइल, सीएमवायके रंगांचे आकडे आणि बरोबर लावलेल्या एका पाटीचा फोटो गेला की निम्म्या चुका आपोआप टळतात. नोंदणीचे वर्तुळातले ‘आर’ चिन्हही फाइलमध्येच ठरलेले असावे. नोंदणी झालेली नसताना ते लावणे कायद्याने दंडनीय आहे, आणि विक्रेत्याला कोणते चिन्ह नोंदलेले आहे हे माहीत असण्याचे कारण नाही.

अटी लिहिणे हा सोपा भाग झाला. त्या पाळल्या जातात की नाही हे कोणी पाहत नसेल, तर कंपनी पुन्हा फ्रीसायकलच्या जागी येऊन उभी राहते. पाहणी अवघड नसते. त्या भागातला विक्री अधिकारी महिन्यातून एकदा दुकानात जातोच. वर्षातून दोनदा त्याने पाटीचा, कार्डाचा आणि शेडचा फोटो काढून तारखेसह कचेरीत पाठवायचा. चूक दिसली तर त्याच आठवड्यात दोन ओळींचे पत्र. हे फोटो आणि ही पत्रे म्हणजेच उद्याचा पुरावा, की मालकाचा व्यापारी संबंध आणि दर्जावरची नजर टिकून होती. बिघाडाची पहिली चाहूल बहुधा ग्राहक सेवेच्या फोनवर लागते. जो माल कंपनी बनवतच नाही त्याच्या तक्रारी एकाच तालुक्यातून येऊ लागल्या, की तिथे लोगो भलत्या मालावर चढला आहे असे समजावे.

मोठ्या कंपन्यांकडे नियमांची जाडजूड पुस्तके असतात, म्हणून त्या सुरक्षित, असे मात्र नाही. त्यांच्या अटी कागदावर शाबूत राहतात आणि विक्रीच्या दबावाखाली वितळतात. मायक्रोसॉफ्टचे विंडोज व्हिस्टा हे ठसठशीत उदाहरण आहे. व्हिस्टा ग्राहकांच्या हाती आले २००७ च्या जानेवारीत. त्याआधी, २००६ पासून, एक्सपी असलेल्या नव्या संगणकांवर ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे स्टिकर लावायला उत्पादकांना परवानगी होती: आज घ्या, उद्या व्हिस्टा चालेल. मूळ निकषांत संगणकाच्या ग्राफिक्सबद्दल एक तांत्रिक अट होती. इंटेलचा ९१५ हा चिपसंच ती पूर्ण करत नव्हता. मायक्रोसॉफ्टने ती अट शिथिल केली आणि स्टिकर त्या संगणकांवरही लागले.

२००७ मध्ये सिएटलच्या न्यायालयात ग्राहकांनी दावा केला, तेव्हा कंपनीच्या अंतर्गत ईमेलचे गाठोडे उघडले गेले. इंटेलला तिमाहीची कमाई गाठता यावी म्हणून आपण अट खाली आणतो आहोत, असे मायक्रोसॉफ्टच्याच एका अधिकाऱ्याने लिहिलेले सापडले. माइक नॅश या वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः स्टिकर पाहून लॅपटॉप घेतला होता; आपल्याकडे आता २१०० डॉलरचे ईमेल यंत्र आहे, अशा आशयाची त्यांची तक्रार जगभर छापली गेली. ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा चालवायची मिळालेली परवानगी न्यायालयाने २००९ मध्ये मागे घेतली, त्यामुळे कायद्याच्या पातळीवर मायक्रोसॉफ्ट निभावले. अब्रूच्या पातळीवर तसे म्हणता येणार नाही.

या प्रकरणातला कमी बोलला गेलेला धागा एचपीचा आहे. एचपीने मूळ अटी प्रमाण मानून जास्त खर्चाचे ग्राफिक्स असलेले संगणक तयार केले होते. अट सैल झाल्यावर तिने कडक शब्दांत नाराजी कळवली, आणि ती रास्त होती. लोगोची अट एका भागीदारासाठी वाकवली, की ती पाळण्यासाठी पैसे मोजलेल्या दुसऱ्या भागीदाराचे पैसे बुडतात. सोलापूरच्या विक्रेत्याने शिफारस आणली म्हणून शेडला लोगो दिला, तर कारागिराला प्रशिक्षणाला पाठवणारा बार्शीचा विक्रेता मूर्ख ठरतो. पुढच्या वर्षी तो कोणालाही पाठवणार नाही. ‘आपला माणूस आहे, एवढे चालवून घ्या’ या वाक्याला उत्तर देताना हा दुसरा माणूस डोळ्यांसमोर असायला हवा.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो अगदीच फोल नाही. छोट्या कंपनीला नाव पसरायला हवे असते. गावोगावच्या पाट्या ही तिची फुकटची जाहिरात. तिथे इतक्या अटी घालून कोण लोगो लावणार? आक्षेपातला खरा भाग असा, की अटी कंपनीच्या वकुबापुरत्याच असाव्यात. ज्या कंपनीकडे पाहणीला माणूस नाही, तिने दहा ठिकाणी सशर्त होकार देण्यापेक्षा एका ठिकाणी द्यावा. दुकानाची पाटी द्यावी आणि बाकी सगळीकडे साध्या अक्षरांत नाव लिहायला सांगावे. पण ‘फुकटची जाहिरात’ हे गणित चुकीचे आहे. जिथे मोटार दुसऱ्यांदा जळते त्या शेडवरची पाटीही जाहिरातच करत असते, आणि ती फुकटही नसते.

उलट बाजूने, काही कंपन्या इतक्या धास्तावलेल्या असतात की प्रत्येकाला नकार देतात, अगदी नाव घ्यायलाही. तसा हक्क कायदा त्यांना देत नाही, हे कलम ३० मध्ये आपण पाहिले. युरोपीय न्यायालयानेही १९९९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या प्रकरणात असेच सांगितले: स्वतंत्र गॅरेजला आपण बीएमडब्ल्यू दुरुस्त करतो असे जाहीर करता येते, कंपनीशी खास नाते असल्याचा भास मात्र निर्माण करता येत नाही. जो हक्क आपला नाही तो गाजवणारी कंपनी भागीदाराला एकच शिकवते, की विचारूच नये.

राहिला शेवट, म्हणजे संबंध संपल्यावर काय. पत्रात ‘पंधरा दिवसांत काढावा’ असे लिहिले, पण कुठून काढावा? हंगेरीतल्या एग्यूद नावाच्या गॅरेजचा मर्सिडीजच्या सेवेचा करार २०१२ च्या ३१ मार्चला संपला. करारकाळात आपण अधिकृत असल्याची जाहिरात त्याने ऑनलाइन दिली होती. करार संपताच त्याने ती बदलायला सांगितले, इतर संकेतस्थळांनी परस्पर उचललेल्या जाहिराती काढण्याचीही पत्रे पाठवली. तरी त्या तशाच झळकत राहिल्या आणि डाइमलरने दावा ठोकला. २०१६ मध्ये युरोपीय न्यायालयाने गॅरेजची बाजू घेतली. ज्या जाहिराती त्याने दिल्याच नाहीत, किंवा ज्या काढायला स्पष्टपणे सांगूनही प्रकाशकाने काढल्या नाहीत, त्यांचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही.

लोगो देणाऱ्याच्या दृष्टीने या निकालातले काम असे, की वापराच्या जागांची यादी परवानगीच्या दिवशीच सुरू करायची, करार संपल्यावर नाही. सोलापूरच्या विक्रेत्याच्या पत्राखाली म्हणून एक कोरा तक्ता जोडावा: जागा, लावल्याची तारीख, छापणाऱ्याचे किंवा जाहिरात प्रसिद्ध करणाऱ्याचे नाव, काढल्याची तारीख. पाटी आणि कार्ड यांच्या जोडीला त्यात ऑनलाइन दुकानसूच्या, नकाशावरची नोंद, कॅलेंडरे, तालुक्याच्या कृषी प्रदर्शनातला स्टॉल हेही येते. विक्री अधिकारी फोटो काढायला जातो तेव्हा तो तक्ता पुढे भरतो आणि विक्रेत्याची सही घेतो. उरलेली व्हिजिटिंग कार्डे संपेपर्यंत वापरायची की परत द्यायची, हेही त्याच कागदावर आधी लिहून ठेवावे, कारण करार मोडल्यावर पाचशे कार्डांवरून होणारे भांडण पाटीपेक्षा जास्त लांबते.